पाठकोरे कागद

बुधवार, २४ जानेवारी २०२४. दुपारचा चहा घेऊन येणारे मामा मापन कक्षाच्या दारात थांबले आणि म्हणाले, "मॅडम, नवीन क्वालिटी मॅनेजर येणारेत म्हणे. चेन्नईच्या प्लँटमधून. बोर्डावर कागद लागलाय."

सुनंदाच्या हातात तेव्हा प्लग गेज होतं. तिनं ते पुसलं, तेलाचा हलका हात दिला, पेटीतल्या आपल्या खाचेत ठेवलं आणि मग बोर्ड बघायला गेली. कागदावर चार ओळी होत्या आणि तिचं नाव त्यात नव्हतं.

भोसरीच्या त्या कारखान्यात ती ३ ऑक्टोबर २०१२ ला लागली होती. ओतीव लोखंडाचे सुटे भाग, त्यांची भोकं, त्या भोकांची मापं, आणि ग्राहकाकडून परत आलेल्या मालाची कारणं शोधणं, असं तिचं अकरा वर्षांचं काम होतं. साहेब तिला दोनदा म्हणाले होते, "पुढचा नंबर तुझा." लेखी काही नव्हतं. असं कुणी लेखी देतही नाही.

गुरुवारी कारखान्याची साप्ताहिक सुट्टी, शुक्रवारी प्रजासत्ताक दिन. म्हणजे दोन दिवस मोकळे, आणि रागाला मोकळे दिवस फार मानवतात. बुधवारी रात्री मुलं झोपल्यावर ती संगणकापुढे बसली आणि दीड वाजेपर्यंत लिहीत राहिली. तीन पानं झाली. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली आणि चिंचवडला नानांकडे गेली.

नाना म्हणजे तिच्या वडिलांचे मित्र. एका मोठ्या कारखान्यात पर्सनल खात्यात उभी नोकरी करून निवृत्त झालेले. आता सकाळी फिरणं, दुपारी झोप आणि उरलेल्या वेळात घरातला प्रत्येक पाठकोरा कागद चार तुकडे करून चिमट्यात लावणं, एवढं त्यांचं काम.

"नाना, शनिवारी हे देणार आहे. एकदा नजर टाका."

नानांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं पुन्हा उलटून पाहिलं. मग विचारलं, "शेवटचा दिवस कुठला?"

"लिहिलंय की. 'तात्काळ प्रभावाने'."

"ते सापडलं. तिसऱ्या पानावर, तळाशी." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवले. "सुनंदा, मी आयुष्यात हजारभर तरी राजीनामे फायलीला लावले असतील. लांबलचक पत्र आलं की आम्ही काय करायचो माहितीये? तारीख शोधायचो. बाकीचं वाचायला वेळ नसायचा असं नाही. वाचून करायचं काय, हे कळायचं नाही."

सुनंदाला ते लागलं. तीन पानांत तिनं अकरा वर्षं ओतली होती. कुठला माल कुठल्या रात्री थांबून वाचवला, कुणाच्या चुका स्वतःच्या सहीखाली झाकल्या, कुणाला काय येत नाही. एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि तसं ती म्हणालीही.

"खोटी नाहीच," नाना म्हणाले. "पण मला एक सांग. तुमच्या तपासणी अहवालात तू भोकाचं माप लिहितेस ना? चोवीसचं भोक लहान निघालं तर काय लिहितेस?"

"तेवीस पूर्णांक नऊशे ब्याऐंशी. असं."

"'मशीनवरचा माणूस निष्काळजी आहे' असं लिहितेस?"

"छे. तो अहवाल आहे. कारण शोधायचा कागद वेगळा असतो, तो वेगळ्या लोकांपुढे जातो."

"मग हा कागद कुणापुढे जाणार आहे, ते सांग."

ती गप्प झाली तेव्हा त्यांनीच बोटांवर मोजलं. साहेब एकदा वाचतील, दुखावतील आणि एचआरकडे पाठवतील. एचआरमधली मुलगी फायलीला लावेल. अकाउंट्सवाला हिशेबासाठी तारीख बघेल. आणि दोनचार वर्षांनी कुठल्यातरी नव्या कंपनीची पडताळणीची मेल येईल, तेव्हा फाईल उघडणारा माणूस तिला ओळखतही नसेल. "या चौघांतला एक जण तरी तुला मॅनेजर करू शकतो का? जिथं दाद मिळू शकत नाही तिथं फिर्याद कशाला ठेवायची? आणि ही फिर्याद तुझ्या सहीनं तुझ्याच फायलीत राहणार. साहेब उद्या बदलून जातील. कागद जाणार नाही."

पहिल्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली. ओळ अशी होती: 'या अकरा वर्षांत मला खूप शिकायला मिळालं, विशेषतः निष्ठेची किंमत किती असते ते.'

"ही कोपरखळी आहे. आभाराचा सदरा घालून आलेली. उघड तक्रारीपेक्षा ही वाईट. तक्रारीला उत्तर तरी देता येतं."

मग सुनंदानं तो प्रश्न विचारला जो तिच्या जागी कुणीही विचारला असता. अन्याय झाला तरी माणसानं तोंड शिवून बसायचं का?

नाना पटकन म्हणाले, "मुळीच नाही. पगार थकवला असेल, कुणी हात लावला असेल, अपमान केला असेल, तर तक्रार करायचीच. पण नोकरीत असताना, वेगळ्या कागदावर, आणि ज्याला त्यावर काही करता येतं त्याच्या नावानं. बाईमाणसाच्या छळाला तर कंपनीत समितीच असावी लागते. आणि कुणी जबरदस्तीनं राजीनामा लिहून घेत असेल, तर तिथं 'स्वेच्छेने' हा शब्द लिहायचा नाही. तसल्या पत्राचा तटस्थपणा उद्या तुझ्याविरुद्धच पुरावा होतो. पण तुझं तसं आहे का? एका जागेसाठी दोन माणसं होती, त्यांनी दुसरा घेतला. का घेतला, विचारलंस?"

तिनं विचारलं नव्हतं. तीन पानं लिहिली होती, पण एक प्रश्न विचारला नव्हता.

"आधी विचार. मग नोकरी शोध. मग पत्र लिही. ही पानं माझ्याकडं राहू देत, घरी नेलीस तर शनिवारी पाठवशील."

*

साहेबांना गाठायला तिला आठवडा लागला. तिनं वीस मिनिटं मागून घेतली आणि एकच विचारलं: या जागेसाठी तुम्ही काय पाहिलंत? मला का नाही, असं विचारलं नाही. प्रश्नाचं तोंड जरा वळवलं की समोरचा बचाव करत बसत नाही, हे तिला अहवालांच्या बैठकांमधून ठाऊक होतं.

साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ग्राहकाच्या ऑडिटला समोर उभा राहून उत्तरं देणारा माणूस हवा होता. सुनंदाला आठवलं, आजवरच्या प्रत्येक ऑडिटला फायली तिनं लावल्या होत्या आणि बोलले होते साहेब. ती मागे उभी राहायची, विचारलं तर कागद पुढे करायची. हे अर्धं तरी खरं होतं, आणि अर्धं साहेबांचंच करणं होतं. दुसरी गोष्ट त्यांनी जरा चाचरत सांगितली. "तुला वर घेतलं असतं तर खाली मापन कोण बघणार? तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही."

ही दुसरी गोष्ट घेऊन ती दोन दिवस फिरली. आपण नसलो तर चालणार नाही, याचा तिला अभिमान होता. त्याच अभिमानानं तिची वाट अडवली होती. साहेबांची सोय म्हणा, कंपनीचा आळस म्हणा, पण वही तिच्या डोक्यात होती हे खरं. उदाहरणार्थ, ते चोवीस मिलिमीटरचं प्लग गेज. त्याचं एक टोक 'गो', ते भोकात जायला हवं. दुसरं 'नो-गो', ते जाता कामा नये. ओतीव लोखंडाच्या भोकात दिवसभर सरकवून 'गो'चं टोक झिजतं. झिजलं की ते बारीक होतं, आणि मग जे भोक लहान म्हणून बाद व्हायला हवं, त्यातही ते सुखानं आत जातं. गेज 'पास' म्हणतं आणि माल ग्राहकाकडून परत येतो. बाकीची गेजं वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला जायची, हे एक ती तीन महिन्यांनी पाठवायची. का, ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. स्टिकरवर फक्त पुढची तारीख असायची.

फेब्रुवारीत तिनं अर्ज केले. दोन मुलाखती झाल्या, एक जमली. मुलाखतीत 'का सोडताय?' हा प्रश्न आलाच. "ग्राहकासमोर जबाबदारीनं उभं राहायचं काम मला हवंय, ते तुमच्याकडच्या जागेत आहे," एवढंच ती म्हणाली. साहेबांच्या त्या वीस मिनिटांतून मिळालेलं वाक्य होतं ते. हातात नेमणूकपत्र आल्यावर ती पुन्हा चिंचवडला गेली आणि दोघांनी मिळून राजीनामा लिहिला. मूळ पत्र इंग्रजीत होतं. मराठीत ते साधारण असं होईल:

'दिनांक १८ मार्च २०२४

विषय: वरिष्ठ गुणवत्ता अभियंता पदाचा राजीनामा

महोदय,

मी वरिष्ठ गुणवत्ता अभियंता या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील ६० दिवसांच्या नोटिशीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, १७ मे २०२४ हा राहील. त्यानंतर मी दुसऱ्या ठिकाणी रुजू होत आहे.

२०१२ मध्ये मी आले तेव्हा मापन कक्ष नव्याने उभा राहत होता. तो मांडण्याचे काम माझ्यावर सोपवले गेले, त्याबद्दल मी आभारी आहे.

माझ्याकडील गेजचे रजिस्टर, कॅलिब्रेशनचे वेळापत्रक आणि ग्राहकांच्या प्रलंबित दोन तक्रारींची कागदपत्रे ३० एप्रिलपर्यंत लेखी स्वरूपात पूर्ण करून देईन. त्यानंतरचे दिवस, आपण नेमाल त्या व्यक्तीला प्रत्यक्ष काम दाखवण्यासाठी राखून ठेवले आहेत.

राजीनामा मिळाल्याचे आणि शेवटच्या दिवसाची तारीख मान्य असल्याचे लेखी कळवावे, ही विनंती.

आपली,'

एवढंच. पण यातल्या एकेका ओळीवर चहाचा एकेक कप झाला.

'वैयक्तिक कारणास्तव' असं सुनंदानं आधी लिहिलं होतं, सगळे लिहितात तसं. नानांनी विचारलं, "घरी काही झालंय का? मग कशाला? कारण न देणं चालतं, खोटं कारण देणं चालत नाही. उद्या नव्या कंपनीनं विचारलं तर दोन्हीकडे एकच उत्तर मिळायला हवं." नव्या कंपनीचं नाव मात्र घातलं नाही. ते विचारण्याचा हक्क कुणाला नव्हता आणि सांगण्यात तिचा फायदा नव्हता.

आभाराची ओळ सर्वांत अवघड गेली. 'आपण दिलेल्या अमूल्य संधींबद्दल' वगैरे तिला लिहवेना, आणि बरंच झालं. नाना म्हणाले, "खरोखर ज्याबद्दल आभार वाटतात अशी एक तरी गोष्ट असेलच. ती लिही. नसेल तर ओळच नको." तिला बराच वेळ काही सुचलं नाही. मग मापन कक्षाची कोरी खोली आठवली, भिंतीला चुन्याचा वास, आणि मध्यभागी आवरणात गुंडाळलेली ग्रॅनाइटची सरफेस प्लेट. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला कुणी ती खोली दिली होती. ते खरं होतं. जानेवारीनंतरही खरंच होतं.

तिला एक सूचना घालायची होती, की बढतीसाठी निकष आधी जाहीर करावेत. चांगली सूचना. नानांनी ती पत्रातून काढायला लावली. "सूचना विचारल्यावर द्यायची. जाताना एचआर मुलाखत घेईल, फॉर्म देईल, तिथं लिही. राजीनाम्यात लिहिलीस की तिची तक्रार होते." हे मला स्वतःला थोडं जास्तच कडक वाटतं, पण नानांनी हजार फायली लावल्या होत्या आणि मी एकही नाही.

*

१८ मार्चच्या सोमवारी तिनं साहेबांना आधी तोंडानं सांगितलं, मग पत्र दिलं आणि लगेच तेच मेलवर पाठवलं, म्हणजे नोटिशीचे दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद नको.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. कागदाच्या मागे काही आहे का तेही पाहिलं.

"त्या प्रमोशनमुळे जातेयस का?"

"तेव्हा वाईट वाटलं होतं, सर. खोटं कशाला बोलू. पण आता निर्णय झालाय, आणि तो त्या कागदावर आहे तेवढाच आहे."

साहेब म्हणाले, पगाराचं बघता येईल, सहा महिन्यांनी पदाचंही बोलू. पण बोलणं पुढे सरकेना. पत्रात तक्रार असती तर ती दूर करण्याचा प्रस्ताव आला असता, त्यावर घासाघीस झाली असती, शब्दाला शब्द लागला असता. इथं पकडायला काही नव्हतं. होती फक्त एक तारीख आणि कामाची यादी. तिसऱ्या दिवशी तारीख मान्य असल्याची मेल आली.

पुढचे दोन महिने ती रजिस्टर लिहीत होती. ज्यांच्या नावाचा कागद बोर्डावर लागला होता ते चेन्नईचे मॅनेजर रोज दुपारी तासभर तिच्यासमोर बसायचे. पहिले काही दिवस तिला ते जड गेलं. मग तिच्या लक्षात आलं की या माणसाला तिच्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते सरळ प्रश्न विचारायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. चोवीसच्या गेजपाशी ते थांबले. "तीन महिने का?" तिनं कारण सांगितलं, आणि पहिल्यांदाच ते रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ओतीव लोखंड, 'गो' टोकाची झीज जास्त, शेवटच्या तीन वेळांची मापं सोबत. लाईनवरचा एक तरुण डिप्लोमावाला पोरगा तिनं स्वतः मागून घेतला आणि मे महिन्यात सगळी मापं त्याच्याकडून घेतली, स्वतः हात लावला नाही. ते सर्वांत कठीण गेलं.

१७ मेला रिलीव्हिंग लेटर मिळालं. फुल अँड फायनलचा कागद पुढच्या महिन्यात आला, तेव्हा अकाउंट्समधल्या माणसानं फोन केला. "मॅडम, तुमची ग्रॅच्युइटी बारा वर्षांची धरलीय हां." तिला कळेना, कारण नोकरी अकरा वर्षं आणि सात महिन्यांची. त्यानं समजावलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये. त्याला २६ नं भागून १५ नं गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे २२,५००. आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असले की आख्खं वर्ष धरायचं. बारा वर्षांचे २,७०,०००. जानेवारीत 'तात्काळ प्रभावाने' गेली असती तर अकरा वर्षं आणि वरचे जेमतेम पावणेचार महिने, म्हणजे अकराच धरली असती. २२,५०० कमी, आणि नोटीस दिली नाही म्हणून साठ दिवसांचा पगार कापला असता तो वेगळा.

जुलैत नव्या कंपनीनं पडताळणी केली. तिकडच्या एचआरनं तिला नंतर सहज सांगितलं की जुन्या कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: रुजू तारीख, शेवटची तारीख, पद, आणि 'सोडण्याचं कारण'पुढे 'राजीनामा'. बस.

जुलैतल्याच एका रविवारी ती पेढे घेऊन नानांकडे गेली. नाना आत चहा टाकायला गेले होते. टेबलावर चिमट्यात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता आणि वरच्या तुकड्यावर नानांच्या तिरक्या अक्षरात दुधाचा हिशेब: सोमवार एक लिटर, मंगळवार अर्धा, बुधवार दूध आलं नाही. तिनं तुकडा उलटला. मागे छापील अक्षरं होती. वाक्य मध्येच सुरू होत होतं आणि कडेला कापलं गेलं होतं: '...विशेषतः निष्ठेची किंमत किती अस...' खाली पेन्सिलीची रेघ.

तिनं ते दोनदा वाचलं. आपण लिहिलंय हे तिला ओळखू आलं, पण पुढचं वाक्य काय होतं ते काही केल्या आठवेना.

नाना कपबशा घेऊन बाहेर आले.

"नाना, गवळ्याला बुधवारचं दूध लावलं नाहीत ना? दोन पानांवर वेगवेगळं लिहिलंय तुम्ही."

"बघू, आण इकडं," नाना म्हणाले आणि चष्मा शोधू लागले.